दोनशे तीस बाय एकशे चाळीस

माझ्या मुलाच्या बारशाला माझ्या वडिलांना भरल्या पानावरून उठवलं होतं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. मी आता निवृत्त झाले आहे, केस पिकले आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे, तरी ते दृश्य आठवलं की माझे कान आजही गरम होतात.

वडिलांचं कोल्हापुरात शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका गल्लीतली एक खोली, दोन मशीन आणि एक लांब फळी. नातवाच्या बारशाला ते स्वतः शिवलेलं अंगडं-टोपडं घेऊन, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. सासर गडमुडशिंगीच्या बाजूला, घर शेतकऱ्याचं, माणसं मोकळी आणि आवाज मोठे. पंगत बसली. वडील पहिल्याच पंगतीत बसले, पानात लापशी पडली, तूप पडलं. तेवढ्यात माझे थोरले दीर कारखान्याकडचे कोणी बडे पाहुणे घेऊन आत आले. जागा नव्हती. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली आणि ती माझ्या वडिलांवर थांबली.

"पावणं, तुम्ही घरचंच की. जरा मागच्या पंगतीला बसा."

वडील हसत उठले. पाणी फिरवायला घेतलेला हात तसाच मागे घेतला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मागची पंगत बसेपर्यंत लापशी संपली होती. मी बाळ मांडीवर घेऊन दारातून हे सगळं पाहत होते आणि बाळंतिणीला बोलायची सोय नव्हती. जाताना वडील मला म्हणाले, जेवण झकास होतं. त्यांच्या त्या खोट्याचा राग मला दिरांच्या उर्मटपणाहून जास्त आला. तो मी वडिलांवर काढू शकत नव्हते, म्हणून तोही दिरांच्याच खात्यावर जमा केला.

मी शहरातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. माझे पती सरकारी कचेरीत होते. दोघांनी मिळून आयुष्यभर भाड्याच्या दोन खोल्यांत संसार केला. आमचं ठरलं होतं की शेत वाटून मिळालं की तिथे एक छोटं घर बांधायचं, पुढे अंगण ठेवायचं आणि म्हातारपण तिथे काढायचं. पती ते स्वप्न बोलून दाखवायचे नाहीत, पण घराचे नकाशे कागदाच्या पाठीवर काढत बसायचे. मी ते बघितलं की दुसरीकडे बघायचे. सासूबाई असेपर्यंत वाटणीचा शब्द काढायचा नाही, हे आम्ही दोघांनी पाळलं. त्या गेल्या आणि वर्षश्राद्ध झाल्यावर दिरांनी स्वतःच विषय काढला.

आमच्या घराण्यात वाटणीची एक रीत आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. थोरल्याला उरलेला घ्यावा लागतो, म्हणून तो वाटे सारखेच पाडणार, असा त्यामागचा हिशोब. रीत चांगली आहे. पण वाटे पाडणाऱ्याला मोजता आलं पाहिजे, हे रीत घालून देणाऱ्याने कुठे सांगून ठेवलेलं नाही.

जमिनीचे दोन तुकडे होते. दोन्ही एकाच गटात, दोन्हींना एकच पाणंद, म्हणजे बैलगाडीची वाट, लागून, माती सारखी आणि विहीर सामाईक. मध्ये एक खडकाळ ओघळ होती. ती पाणंदीच्या कोपऱ्यातून निघून मागे रुंद होत जायची आणि ती लागवडीत धरलेली नव्हती. सातबाऱ्यावर दोन्ही तुकड्यांचं लागवडीचं क्षेत्र एकत्र होतं, पंचावन्न गुंठे. कुठला तुकडा किती, हे वेगळं कधी मोजलंच नव्हतं. गरजच पडली नव्हती.

ऊस तुटून गेला होता. पाचट जाळून रान मोकळं झालं होतं, टेप टाकायला हीच वेळ. दिरांनी दोन्ही तुकड्यांच्या चारही बाजू मोजल्या आणि रविवारी आम्हाला बोलावून घेतलं. गावातले दोन जाणते पंच म्हणून बसले होते. दिरांनी सासऱ्यांची पद्धत वापरली होती, जी त्या भागात पुष्कळ लोक वापरतात. समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज करून निम्मी करायची, दुसऱ्या दोन बाजूंची बेरीज करून निम्मी करायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा.

पहिला तुकडा रुंद. पाणंदीकडची बाजू तीनशे फूट, मागचा बांध एकशे साठ. बेरजेचं निम्मं दोनशे तीस. दोन्हीकडचे बांध तिरके, एक एकशे तीस फूट आणि दुसरा एकशे पन्नास. निम्मं एकशे चाळीस.

दुसरा तुकडा सरळ. पाणंदीकडे एकशे चाळीस फूट आणि आत दोनशे तीस.

दिरांनी मांडीवर थाप मारली. दोन्हीकडे दोनशे तीस बाय एकशे चाळीस. देवानेच वाटणी करून ठेवली आहे, असं पंचांपैकी एक म्हणाले. शिवाय दिरांनी आणखी एक शुभवर्तमान दिलं. दोन्ही मिळून एकोणसाठ गुंठे भरत होते, म्हणजे सातबाऱ्यापेक्षा चार गुंठे जास्त. सरकारी मोजणीत राहून गेले असतील, आपल्याला काय, मिळाले ते मिळाले. सगळ्यांचे चेहरे उजळले. जाऊबाईंनी चहाच्या मागे लाडूही आणले.

मी मात्र त्या चार गुंठ्यांवर अडकले. जमीन काही पावाच्या पिठासारखी फुगत नाही. पेपर तपासताना एखाद्या मुलाचं उत्तर नको तितकं गोड आलं की मी आधी त्याची कृती बघते. मी दिरांना विचारलं, तिरक्या बांधांच्या तुकड्याची उंची कुठून मोजलीत? पाणंदीपासून मागच्या बांधापर्यंत काटकोनात किती भरतं?

त्यांनी माझ्याकडे न बघता पंचांकडे बघितलं.

"मास्तरीणबाई, ह्ये फळ्यावरचं न्हाय, रान हाय. रानाला उंची नसती. उंची झाडाला असती."

पंच हसले. जाऊबाई पदराआड हसल्या. माझे पतीही हसले, त्यांनी लगेच आवरतं घेतलं पण हसले. मी लाडू खाल्ला. लाडू खाताना मला भिंतीला टेकून उभे राहिलेले वडील दिसत होते आणि मी मनात दिरांना म्हटलं, आता तुमची पाळी.

उचल पुढच्या आठवड्यात करायची ठरली. कुठला वाटा घ्यायचा ते आम्ही तोवर ठरवायचं होतं. निघताना दिरांनी भावाच्या पाठीवर हात ठेवून सल्ला दिला की रुंद तुकडा घे, पाणंदीवरून बघितलं की नजरेत भरतो. ते खरंच होतं. तीनशे फूट तोंड असलेलं रान बघणाऱ्याला एकशे चाळीस फुटांच्या तोंडापेक्षा मोठंच वाटतं. त्यांना स्वतःला सरळ तुकडा हवा होता, कारण त्यात ट्रॅक्टर सुखाने वळतो. ते मुद्दाम फसवत होते की सासऱ्यांची पद्धत खरी मानून चालले होते, हे मला आजही ठाऊक नाही. फसवणारा माणूस चार गुंठे वाढले म्हणून लाडू वाटत नाही, हे मला कळतं. पण मी त्यांचा हेतू तपासायला बसले नव्हते. चुकणाऱ्याला मी वर्गात कधी शिक्षा केली नाही. दुसऱ्याच्या प्रश्नावर हसणाऱ्याला मात्र मी तासभर उभं करायचे.

घरी येऊन मी आलेखाचा कागद काढला. आधी वाटलं, बाजू चारही माहीत आहेत, आकृती काढून मोकळी होईन. पण नुसत्या चार बाजूंनी आकृती पक्की होत नाही. बाजेची चौकट ढिली झाली की ती एका अंगाला कलते. चारही लाकडं तेवढीच लांब राहतात, पण मधली जागा कमी होते. जितकी कलेल तितकी कमी. सासऱ्यांच्या पद्धतीत कललेली बाजही सरळ बाजेएवढीच भरते. चुकतं ते एवढ्यासाठी की तिरका बांध उंचीच्या जागी धरला जातो आणि तिरकं अंतर सरळ अंतरापेक्षा नेहमी जास्तच असतं.

म्हणजे आणखी एक माप हवं होतं. ते रानात जाऊन घ्यायला लागणार होतं.

पती यायला तयार नव्हते. दादाच्या मापावर आपण मागून माप टाकायचं हे त्यांना बरं दिसेना. मी म्हटलं, एकटी जाते, टेपचं दुसरं टोक एखाद्या दगडाखाली ठेवीन. मग आले. भर दुपारी गेलो, कारण त्या वेळी पाणंदीला कुणी नसतं.

मी घरून सुतळी नेली होती. तिचे सहा, आठ आणि दहा फुटांचे तीन भाग पडतील अशा गाठी मारल्या होत्या. या तीन बाजूंचा त्रिकोण ताणून धरला की लहान दोन बाजूंमध्ये बरोबर काटकोन होतो. सुतळीची आठ फुटांची बाजू पाणंदीच्या कडेला लावायची, सहाची बाजू सरळ आत जाते. तिच्या रेघेत नजर धरून मागच्या बांधाचं टोक सापडेपर्यंत मी पाणंदीवरून पुढेमागे सरकत राहिले. टोक सापडलं तिथे पती खुंटी ठोकत. असं मागच्या बांधाच्या दोन्ही टोकांचं केलं.

पाणंदीवरची तीनशे फुटांची बाजू त्या दोन खुंट्यांनी तीन भागांत तुटली. डावीकडे पन्नास, मध्ये एकशे साठ, उजवीकडे नव्वद. आणि खुंटीपासून मागच्या बांधापर्यंतचं सरळ अंतर दोन्हीकडे एकशे वीस निघालं. इंचभर इकडेतिकडे सोडून द्या. पाणंदीपासून सरळ आत एकशे चाळीस फूट त्या रानात कुठेच भरत नव्हतं.

ढेकळात बसूनच मी मांडलं. मध्ये एक आयत, एकशे साठ बाय एकशे वीस, म्हणजे एकोणीस हजार दोनशे चौरस फूट. डावीकडचा त्रिकोण, पन्नास गुणिले एकशे वीस, त्याचं निम्मं तीन हजार. उजवीकडचा, नव्वद गुणिले एकशे वीस, त्याचं निम्मं पाच हजार चारशे. तिन्ही मिळून सत्तावीस हजार सहाशे. दिरांच्या हिशोबाने तिथे बत्तीस हजार दोनशे होते. चार हजार सहाशे चौरस फूट कमी. एक हजार एकोणनव्वद फुटांचा एक गुंठा धरला, तर चार गुंठ्यांहून थोडं जास्तच. सातबाऱ्यापेक्षा वाढलेले चार गुंठे ते हेच.

त्रिकोण म्हणजे आयताचं निम्मं, हे मी शाळेत शिकायच्या आधी वडिलांच्या फळीवर शिकले होते. झग्याची कळी कापताना ते कापडाचा लांब तुकडा कर्णातून एकदाच कापायचे आणि दोन कळ्या निघायच्या, एकीच्या जागी दुसरी ठेवली तर सुताचाही फरक नाही. त्या रानाला दोन्ही अंगाला एकेक कळी जोडली होती आणि माझ्या दिरांनी कळ्यांच्या तिरक्या शिवणीची लांबी धरून सगळं कापड मोजलं होतं.

एकदा मोजून माझा विश्वास बसत नाही, स्वतःवर तर मुळीच नाही. दुसऱ्या रीतीने तुकडे पाडले. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात रेघ मारली की दोन त्रिकोण होतात. एकाचा पाया तीनशे, दुसऱ्याचा एकशे साठ, दोघांची उंची तीच एकशे वीस. अठरा हजार आणि नऊ हजार सहाशे. बेरीज तीच. घरी जाऊन आलेखावर दहा फुटाला एक चौकट धरून सगळं काढलं आणि चौकटी मोजल्या. दोनशे शहात्तर आल्या. एका चौकटीत शंभर चौरस फूट, म्हणजे पुन्हा सत्तावीस हजार सहाशे. सरळ तुकड्याचे दोन्ही कर्णही आम्ही मोजून आलो होतो. दोन्ही सारखे, दोनशे एकोणसत्तर फुटांच्या जवळपास. समोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, म्हणजे तो खरा आयत. तिथे बत्तीस हजार दोनशे खरेच बत्तीस हजार दोनशे होते.

पती चौकटी बघत बसले होते. म्हणाले, उद्याच जाऊन दादाला सांगतो, सरळ तुकड्यातली थोडी पट्टी इकडे घेतली की दोन्ही सारखे होतील. त्यांचं बरोबर होतं. त्यांचं नेहमीच बरोबर असतं आणि त्यामुळेच ते आयुष्यभर मागच्या पंगतीला बसले.

मी नाही म्हणाले. आमचं त्या दिवशी चांगलंच वाजलं. ते म्हणाले, दादा वाईट माणूस नाही. मी म्हटलं, मी चांगली बाई नाही. वाटे त्यांनी पाडले आहेत, उचल आपली आहे, रीत त्यांच्याच घरची आहे. मी एक अक्षर खोटं बोलणार नाही. मी उंची विचारली होती तेव्हा त्यांनी उत्तर द्यायचं होतं.

"तू हे जमिनीसाठी करतीयेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी आलेखाचा कागद घडी करून माझ्याकडे दिला. त्यांना बारसं आठवत असावं.

उचलीच्या दिवशी अंगणात सतरंजी टाकली होती. तेच पंच, तेच लाडू. दिरांनी वाटे पुन्हा सांगितले. पतींनी तोंड उघडण्याआधी मी म्हटलं, भाऊजी, एक विनंती आहे. मला रानातलं कळत नाही, तेव्हा तुम्हीच पंचांसमोर सांगा, दोन्ही वाटे सारखे आहेत ना? कमी-जास्त निघालं तर कुणी कुणाकडे मागायचं नाही ना?

दिरांना माझा नरमलेला सूर आवडला. ते ऐसपैस बसले आणि म्हणाले, "सारखंच हायती. नखाएवढा फरक निघाला तर माझा. मागायचं न्हाय नि द्यायचं न्हाय."

मी म्हटलं, हे कागदावर येऊ दे. कागदावर आलं. मग पतींनी खाली बघत सांगितलं की आम्ही सरळ तुकडा घेतो. दिरांचा हात लाडवावर थांबला. त्यांनी दोनदा विचारलं, नजरेत भरणारं सोडून हे का? पण रीत ती रीत. सगळ्यांच्या सह्या झाल्या. घरी येताना मी बसमध्ये खिडकीशी बसून हसत होते आणि पतींनी तोंड दुसरीकडे केलं होतं.

पोटहिश्श्याच्या सरकारी मोजणीला पुष्कळ दिवस लागले. मोजणी झाली त्या दिवशी मी मुद्दाम गेले नाही. पती गेले होते. त्यांनी येऊन सांगितलं की मोजणीदाराने यंत्र लावून रुंद तुकडा पंचवीस गुंठ्यांवर थोडा सांगितला आणि आमचा साडेएकोणतीस. दिरांनी त्याला यंत्र बिघडलंय म्हणून सुनावलं आणि पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच आलं. मग ते बराच वेळ बांधावर बसून राहिले. पती सांगत होते. मी भाजी निवडत होते. मला त्या भाजीचं प्रत्येक पान आठवतं, इतकं मला बरं वाटत होतं.

त्यानंतर दीर आमच्या भाड्याच्या खोलीवर आले. इतक्या वर्षांत ते कधी आले नव्हते. मुलाच्या वाढदिवसाला, माझ्या ऑपरेशनला, कधीच नाही. आले ते दाराशी चप्पल काढून अवघडून बसले. मी पाणी दिलं. त्यांनी थेटच विचारलं.

"चार गुंठं गेलं कुठं?"

"गेले नाहीत भाऊजी. नव्हतेच."

मी आलेखाचा कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. आयत दाखवला, दोन्ही कळ्या दाखवल्या, चौकटी त्यांनाच मोजायला दिल्या. ते बोट ठेवून चौकटी मोजू लागले. अर्ध्या-अर्ध्या तुटलेल्या चौकटींपाशी अडखळले, तेव्हा मी दोन तिरके तुकडे मिळून एक धरायला सांगितलं. मोजून झाल्यावर ते कागदाकडे बघतच राहिले. सासऱ्यांनी आयुष्यभर त्या पद्धतीने लोकांची रानं मोजून दिली होती, असं ते पुटपुटले. मग मान वर न करता म्हणाले, अर्धा फरक इकडं द्या. तुमच्या तुकड्यातली आमच्या बाजूची दहा फुटांची पट्टी, दोनशे तीस फूट लांब. म्हणजे दोन हजार तीनशे. दोन्हीकडे सारखं होईल. मापं चुकली होती, पण हा हिशोब त्यांनी बरोबर करून आणला होता.

"मागायचं न्हाय नि द्यायचं न्हाय, असं ठरलंय," मी म्हटलं. "तुमची सही आहे."

पती आतल्या खोलीच्या दारात उभे होते. ते म्हणाले, पुरे आता. एवढंच म्हणाले, पण असं की मला ते ऐकावं लागलं. आणि खरं सांगायचं तर मला दहा फुटांची ती पट्टी नकोच होती. मला दुसरं काही हवं होतं आणि ते मागायची वेळ आली होती.

मी दिरांना बारशाची आठवण करून दिली. लापशी, तूप, पहिली पंगत. ते कपाळाला आठ्या घालून आठवत राहिले.

"मी उठवलं? तुमच्या वडलांस्नी? कवा?"

त्यांना खरोखर आठवत नव्हतं. मी इतकी वर्षं जे उराशी धरून जगले, ते त्यांच्या लेखी घडलंच नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला, तितका बारशाच्या दिवशीही आला नव्हता. मी म्हटलं, पट्टी देते. तसं लिहूनही देते. पण त्या रानात आमचं घर होईल, त्याच्या वास्तुशांतीला पहिल्या पंगतीत माझे वडील बसतील आणि त्यांना तुम्ही वाढायचं. स्वतःच्या हाताने, लापशीपासून ताकापर्यंत. तुमचे पाहुणे मागच्या पंगतीला.

दिरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग "बरं" म्हणाले आणि उठले. जाताना तो आलेखाचा कागद मागून घेऊन गेले. नंतर कळलं की गावात कुणी तिरकं रान जुन्या पद्धतीने मोजायला लागलं की ते तो कागद दाखवतात आणि भांडतात. मला त्याचं काही कौतुक नाही.

घर झालं. दोन खोल्या, पुढे अंगण, पाणंदीकडे तोंड. आमचा तुकडा आता एकशे तीस बाय दोनशे तीस, एकोणतीस हजार नऊशे चौरस फूट. त्यांचाही पट्टीसकट तेवढाच. नवा बांध घालताना मी टेप घेऊन उभी होते आणि दिरांनी काही न बोलता टेपचं दुसरं टोक धरलं.

वास्तुशांतीला मी वडिलांना शहरातून रिक्षाने आणवलं. आता ते फार थकले आहेत, कमी ऐकू येतं, हात थरथरतो. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मी त्यांना पहिल्या पंगतीत अगदी मधल्या पाटावर बसवलं. सगळी भावकी जमली होती, पंच आले होते, त्यांना मी मागची पंगत सांगितली होती. दीर लापशीचं पातेलं घेऊन आले. धोतराचा सोगा खोचलेला, घाम आलेला. ते वडिलांच्या पानासमोर वाकले आणि डावातली लापशी पानात पडली. वरून तूप धरलं. मी खांबाला टेकून बघत होते. याच दृश्याची मी इतकी वर्षं वाट बघितली होती.

वडिलांनी वर बघितलं. आपल्यासमोर घरचा थोरला माणूस घामाघूम होऊन वाकला आहे, एवढंच त्यांना दिसलं. पानाला हात लावायच्या आधी त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकले आणि गुडघ्यांवर जोर देत ते उठू लागले.

"पावणं, तुम्ही बसा की," ते म्हणाले. "मी घरचाच हाय. मी मागनं बसतो."

दिरांचा डाव पातेल्यात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना बारसं आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. पंगत थांबली. वडील अर्धे उठले होते, हसत होते, अगदी तसेच.

मी पुढे गेले, वडिलांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि त्यांना दाबून पाटावर खाली बसवलं. त्यांची हाडं माझ्या हाताला लागत होती. मी हात काढले नाहीत.

"वाढा, भाऊजी," मी म्हटलं.